लंजमध्ये दुखणारा गुडघा आणि अडकणारा घोटा

प्रश्न: माझे वय ३६, वजन ८२ किलो, उजव्या हाताने बॅडमिंटन खेळतो. आधी आठवड्यातून तीन दिवस ऑफिसच्या लाकडी कोर्टावर खेळत होतो. चार महिन्यांपासून सोसायटीच्या कोर्टावर जवळजवळ रोज खेळतो; तिथे फरशीवर मॅट टाकली आहे. नेटजवळचा ड्रॉप उचलायला उजवा पाय लांब पुढे टाकून, गुडघा वाकवून लंज घेतला की उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली कळ येते आणि त्याच पायाच्या घोट्यात पुढच्या बाजूला काहीतरी अडकते. दोन वर्षांपूर्वी तो घोटा मुरगळला होता. पळण्याचे बूट घालतो, हल्ली नी-कॅपही लावतो. बूट बदलू, कोर्ट बदलू, की काही महिने खेळच बंद करू?

उत्तर: मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत नोकरी सांभाळून बॅडमिंटन खेळणाऱ्यांची संख्या मोठी आहे, त्यामुळे हे वर्णन माझ्या चांगल्या परिचयाचे आहे. तुम्ही तीन पर्याय दिले आहेत, पण माझ्या मते पहिला प्रश्न चौथाच आहे. तुमचा घोटा गुडघ्याला पुढे जाऊ देतो का? ही मला दोन वेगळी दुखणी वाटत नाहीत. एकाच पायाने, एकाच क्षणी, एकच काम करताना ती उठतात आणि ते काम म्हणजे ब्रेक लावणे. मात्र प्रत्यक्ष तपासणीशिवाय कोणीही छातीठोकपणे निदान सांगू नये. म्हणून मी माझा तर्क मांडते आणि तो तुम्हाला लागू पडतो की नाही हे घरी कसे पडताळायचे तेही सांगते.

कोर्टाच्या मध्यावरून नेटच्या कोपऱ्याकडे धावताना शेवटचे पाऊल सर्वांत लांब पडते. आधी टाच टेकते, मग तळवा सपाट होतो, गुडघा वाकतो आणि नडगी पावलावरून पुढे झुकते. या अर्ध्या सेकंदाच्या आत संपूर्ण शरीराचा वेग शून्यावर आणायचा असतो आणि लगेच उलट दिशेने ढकलून मध्यावर परत यायचे असते. पावलाखाली येणारा जोर शरीराच्या वजनाच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो आणि तो रोखण्याचे मुख्य काम मांडीचा पुढचा स्नायू करतो. हा स्नायू वाटीला धरून असतो आणि वाटीखालून निघणारा जाड पट्टा, म्हणजे पटेलर टेंडन, नडगीच्या हाडाला जाऊन चिकटतो. प्रत्येक लंजमध्ये हा पट्टा ताणला जातो.

आता घोटा ताठ असेल तर काय होते ते पाहा. पाऊल सपाट टेकलेले असताना नडगीला पुढे झुकता येत नसेल, तर शरीर पळवाटा शोधते. टाच लवकर उचलली जाते, पावलाची कमान आत कोसळते आणि तिच्यामागोमाग गुडघाही आत वळतो, किंवा खेळाडू पाऊल बाहेर फिरवून टाकतो. जो जोर घोटा, गुडघा आणि नितंब या तिघांनी वाटून घ्यायचा, तो एकट्या गुडघ्याच्या पदरात पडतो. मुरगळलेल्या घोट्यानंतर असा ताठपणा राहणे फार सामान्य आहे, कारण सूज उतरली आणि चालता येऊ लागले की बहुतेक जण व्यायाम सोडतात. सपाट रस्त्यावर चालताना घोटा फारसा वाकावा लागत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे ही उणीव लक्षातही येत नाही. ती उघडी पडते खोल लंजमध्ये.

पडताळणी सोपी आहे. अनवाणी भिंतीकडे तोंड करून उभे राहा आणि एक पाऊल भिंतीशी काटकोनात ठेवा. टाच जमिनीवर घट्ट टेकलेली ठेवून गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत पुढे नेऊन भिंतीला लावा. लागला तर पाऊल थोडे मागे घ्या आणि पुन्हा लावा. टाच न उचलता गुडघा ज्या शेवटच्या ठिकाणी भिंतीला लागतो, तिथे अंगठ्याचे टोक आणि भिंत यांतले अंतर मोजपट्टीने मोजा. दहा सेंटिमीटरच्या आसपासचे अंतर खेळायला पुरेसे असते, पण त्या आकड्यापेक्षा मी दोन पायांतल्या फरकाकडे अधिक पाहते. उजवा पाय डाव्यापेक्षा दोन सेंटिमीटर किंवा अधिक मागे पडत असेल, तर माझा तर्क तुम्हाला लागू आहे असे धरा. ताण कुठे जाणवतो तेही टिपून ठेवा. पोटरीत ओढ बसली तर स्नायू आखडला आहे आणि तो ताणून सुटतो. घोट्याच्या पुढे टोचले किंवा अडकले, जसे तुम्ही लिहिले आहे, तर सांध्याच्या पुढच्या कडेला ऊती किंवा हाड चिमटते आहे, आणि अशा घोट्याला जोराने ताणत राहिल्यास दुखणे वाढते. हा फरक न ओळखता रोज भिंतीला गुडघा दाबत बसलेले अनेक जण मी पाहिले आहेत.

गुडघ्यासाठी एक बोट पुरते. दुखणारी जागा वाटीच्या खालच्या टोकावर नेमक्या एका बोटाने दाखवता येत असेल, खेळाच्या सुरुवातीला दुखून मध्ये बरे वाटत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ठणकत असेल, तर बहुधा पटेलर टेंडनच कुरकुरतो आहे. उलट तळहात फिरवून वाटीभोवती सगळीकडे दुखते असे सांगावे लागत असेल, जिने उतरताना आणि चित्रपटगृहात दोन तास बसल्यावर त्रास होत असेल, तर दुखणे वाटीच्या मागच्या पृष्ठभागाशी संबंधित असण्याची शक्यता जास्त. पुढे सांगितलेले व्यायाम दोन्हींत उपयोगी पडतात, फक्त दुसऱ्या प्रकारात सुरुवातीला गुडघा कमी वाकवावा लागतो.

काही लक्षणांत मात्र घरगुती पडताळणी करत बसू नये. गुडघा पिळवटून काही तासांत टम्म सुजणे, वाकलेला गुडघा मध्येच अडकून सरळ न होणे, पाय अचानक सुटल्यासारखा वाटणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, किंवा घोटा मुरगळल्यावर चार पावलेही टाकता न येणे, यांपैकी काहीही असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. टाचेच्या मागे कोणीतरी लाथ मारल्यासारखे वाटून फट् असा आवाज आला, तर त्याच दिवशी दाखवावे.

तुमच्या वर्णनात मला सर्वांत खटकते ते “जवळजवळ रोज”. तीन दिवसांवरून सहा दिवसांवर जाताना तुम्ही खेळ दुप्पट केला आणि त्याच वेळी कोर्टही बदलले. स्नायू काही आठवड्यांत वाढत्या कामाशी जुळवून घेतो, टेंडनला त्यासाठी महिने लागतात. जोरदार खेळानंतर त्याला सावरायला एक-दोन दिवस हवे असतात आणि रोज खेळणाऱ्याला ते मिळत नाहीत. म्हणून खेळ पूर्ण बंद करू नका, पण आजपासून एक दिवसाआड खेळा, शक्यतो डबल्स, आणि नेटवरच्या ड्रॉपचा सराव काही आठवडे थांबवा. पूर्ण विश्रांतीत दुखणे शांत होते हे खरे, पण टेंडन आणखी अशक्त होतो आणि खेळ सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात तेच दुखणे परत येते.

कोर्टाबद्दल लोक फक्त कडकपणा विचारतात. मोठ्या स्पर्धांत मॅटखाली सहसा लवचीक लाकडी जमीन असते आणि धक्का मुख्यतः ती जिरवते. चार-पाच मिलिमीटरची मॅट थेट फरशीवर टाकली तर तिच्याकडून तेवढी अपेक्षा करता येत नाही. पण माझ्या अनुभवात तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पकड. लाकडावर शेवटच्या पावलाला थोडीशी घसरण मिळते आणि ब्रेक हळू लागतो. नव्या मॅटवर गम रबराचा तळ जागच्या जागी थिजतो, ब्रेक एकदम लागतो आणि तो सगळा झटका वाटीखाली जातो. याउलट धूळ बसलेल्या मॅटवर पाय अवचित सरकतो आणि जुना मुरगळलेला घोटा तिथेच दगा देतो. सोसायटीचे कोर्ट तुम्ही बदलू शकणार नाही, पण खेळण्याआधी ओल्या पोछ्याने नेटजवळचा भाग पुसून घेणे, मॅटच्या जोडांवरची उचललेली चिकटपट्टी नीट करणे आणि बुटांचे तळ ओल्या फडक्यावर घासणे हे तुमच्या हातात आहे. आठवड्यातला एक दिवस जुन्या लाकडी कोर्टावर मिळत असेल, तर अधिक जोराचा खेळ त्या दिवशी ठेवा.

आता बूट. पळण्याचा बूट सरळ पुढे जाण्यासाठी बनवलेला असतो. त्याची टाच जाड आणि मऊ असते, आणि बाजूला झेप घेताना पाऊल त्या उंच गादीवरून कलंडते. घोटा पुन्हा मुरगळण्याचा तो जवळचा रस्ता आहे, त्यामुळे बॅडमिंटनचा बूट घ्यावाच लागेल. त्याचा तळ पातळ आणि जमिनीलगत, गम रबराचा, बाहेरच्या कडेला रुंद आणि टाचेच्या मागे गोलाई असलेला हवा, म्हणजे लंजमध्ये टाच टेकल्यावर पाऊल अलगद सपाट होते. दुकानात संध्याकाळी जा, खेळताना घालता तेच मोजे घाला, नाडी बांधून तिथेच चार-पाच लंज घेऊन पाहा. टाच आत सरकू नये आणि पुढे बोटांना हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरावी. लंजमध्ये पाऊल पुढे सरकते आणि नख काळे पडते ते बहुधा इथल्या चुकीमुळे. हा बूट घालून रस्त्यावर चालू नका, त्याची पकड धुळीत आणि डांबरावर लवकर संपते.

पण इथे एक मेख आहे. पळण्याच्या बुटाची उंच टाच तुमच्या ताठ घोट्याला नकळत मदत करत आली आहे, कारण टाच उंच असली की नडगीला पुढे झुकायला आपोआप थोडी जागा मिळते. एका दिवसात सपाट बुटात गेलात तर तीच जागा घोट्याला स्वतःहून द्यावी लागेल, आणि मग नवा बूट घेतल्यावर दुखणे वाढले अशी तक्रार येते. बूट वाईट नसतो, बदल घाईचा असतो. म्हणून पहिले दोन आठवडे नव्या बुटात फक्त अर्धा तास हलका खेळ ठेवा. पुढून चिमटत असेल तर इनसोलखाली पाच-सहा मिलिमीटरची टाचेची गादी तात्पुरती घाला आणि घोटा मोकळा होत जाईल तशी काढून टाका.

बूट आणि कोर्ट सुधारल्याने झटका कमी होतो, पण तो झेलणारा पाय बळकट होत नाही. म्हणून उपचाराचा गाभा ताकदीचे व्यायाम हाच आहे. सुरुवात स्थिर व्यायामाने करावी. भिंतीला पाठ टेकवून, मांड्या जमिनीला समांतर होण्याच्या थोडे वर थांबून, ४५ सेकंद बसा, दोन मिनिटे थांबा, असे पाच वेळा. जिममध्ये लेग एक्स्टेन्शन मशीन असेल तर त्यावर गुडघा अर्धा वाकवून तेच करा, कारण तिथे एका पायाला पुरेसे वजन देता येते. अनेकांना यानंतर तासभर तरी दुखणे उतरल्याचे जाणवते. काहींना जाणवत नाही, तरीही व्यायाम वाया जात नाही.

साधारण दोन आठवड्यांनी, दुखणे दहापैकी तीनच्या आत असेल तर, जड आणि संथ व्यायाम सुरू करा. लेग प्रेस किंवा एक पाय पुढे ठेवून स्प्लिट स्क्वॉट, तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर, चार फेऱ्या, एक दिवसाआड. पहिल्या आठवड्यांत पंधरा वेळा जेमतेम जमेल एवढे वजन ठेवा आणि पुढच्या बारा आठवड्यांत वजन वाढवत आणि संख्या घटवत सहा-आठवर या. यात लोकांचा संयम सुटतो. हातात दोन किलोचे डंबेल घेऊन पन्नास वेळा वाकणे सोपे वाटते, पण टेंडनला बदलायला लावतो तो मोठा आणि संथ भार. जोडीला पोटरीचे व्यायाम हवेत, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून असे दोन्ही. लंजमध्ये गुडघा वाकलेला असतो, तेव्हा नडगीला आवरण्याचे मोठे काम पोटरीचा आतला सोलियस स्नायू करतो. एका पायावर पायरीच्या कडेवर उभे राहून किती वेळा टाच पूर्ण उचलता येते ते मोजा. दोन पायांतला फरक पाहून बऱ्याच जणांना धक्का बसतो.

घोट्याच्या तोलासाठी मला एक घरगुती पद्धत आवडते. उजव्या पायावर अनवाणी उभे राहा, समोर अर्धवर्तुळात पाच जुनी शटल ठेवा आणि गुडघा वाकवून एकेक शटल हाताने स्पर्श करून परत सरळ व्हा. गुडघा पावलाच्या रेषेतून आत पडला की ती खेप मोजायची नाही. पुढून चिमटणारा घोटा मोकळा करण्यासाठी मात्र फिजिओथेरपिस्टकडून पट्टा लावून सांधा मागे दाबत गुडघा पुढे नेण्याचे तंत्र शिकून घ्या, एकट्याने रेटू नका.

रोजचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लावायचा. जिन्याच्या पायरीवर उजव्या पायावर उभे राहून डावी टाच खालच्या पायरीला सावकाश टेकवा, पाच वेळा. काल सकाळी जेवढे दुखले तेवढेच किंवा कमी दुखले तर कालचे काम पचले. वाढले तर पुढच्या वेळी वजन किंवा खेळाची वेळ कमी करा. व्यायाम करताना थोडे दुखणे चालते, पण दुसऱ्या सकाळी वाढलेले दुखणे म्हणजे हिशोब चुकला.

तुमच्याशी बरेच जुळणारे एक उदाहरण सांगते. एकोणचाळीस वर्षांचे, बँकेत नोकरी करणारे, उजव्या हाताने खेळणारे गृहस्थ. भिंतीच्या चाचणीत डावा पाय साडेनऊ सेंटिमीटर, उजवा पाच. एका पायावर टाच उचलणे डाव्याने चोवीस वेळा, उजव्याने अकरा. कोर्टवर जाऊन मी फोनवर त्यांचे लंज टिपले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. पहिल्या गेममध्ये त्यांचे शेवटचे पाऊल व्यवस्थित पडत होते, पण तिसऱ्या गेमपर्यंत प्रतिस्पर्ध्याच्या फटक्याआधीची छोटी उडी थांबलेली होती. ते शटलपर्यंत उशिरा पोहोचत होते आणि ती उणीव अवाढव्य लंज घेऊन भरून काढत होते. उजवी टाच वर, गुडघा आत. त्यांचे दुखणेही नेमके तिसऱ्या गेममध्येच सुरू होत असे.

आठवड्याचे सहा दिवस तीनवर आणले आणि तिसरा गेम बंद केला. तिसऱ्या आठवड्यात लेग प्रेस, पाचव्यात नवे बूट. सातव्या आठवड्यात दुखणे दहापैकी एकवर आले आणि मला न विचारता त्यांनी दोन दिवसांची हौशी स्पर्धा खेळली. सोमवारी दुखणे पाचवर होते आणि आमचे दोन आठवडे गेले. दहाव्या आठवड्यात शटलशिवाय पदन्यासाचा सराव, आधी कोपऱ्यांपर्यंत आठ खेपा आणि मग सोळा, त्यानंतर हळूहळू फीडिंगवर, म्हणजे साथीदाराने ठरवून टाकलेल्या शटलवर, नेटचे ड्रॉप, आणि सोळाव्या आठवड्यात सिंगल्स. त्यांचा उजवा घोटा साडेसात सेंटिमीटरवर येऊन थांबला तो थांबलाच. एक्स-रेमध्ये सांध्याच्या पुढच्या कडेला हाडाची छोटी वाढ होती आणि ती व्यायामाने जाणारी नव्हती. तरीही ते खेळतात, कारण खोल लंजऐवजी एक जास्तीचे छोटे पाऊल टाकायला शिकले. तुमच्या घोट्यात असे काही असेल तर तुमचेही ध्येय डाव्या पायाची बरोबरी हे नसावे.

नी-कॅपबद्दल. ती लावून आराम वाटत असेल तर लावा, तिने अपाय होत नाही, पण ती लावली म्हणून खेळाची वेळ वाढवू नका. खेळायच्या आधी वेदनाशामक गोळी घेणे मात्र टाळा, कारण आदल्या दिवसाचे काम जास्त झाले की नाही हे सांगणारी वेदनाच गोळीने गप्प होते. कोणी टेंडनमध्येच स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. त्याने दुखणे लवकर उतरते, पण टेंडन कमकुवत होण्याचा धोका असतो.

आज फक्त दोन गोष्टी करा: भिंतीजवळ दोन्ही पावलांची अंतरे मोजा आणि मित्राला नेटच्या बाजूने तुमचे तिसऱ्या गेममधले दहा लंज फोनवर टिपायला सांगा. ते आकडे आणि चिमटा नेमका कुठे बसतो हे कळवलेत, तर व्यायामाचे वजन कुठून सुरू करायचे ते अधिक नेमके सांगता येईल.